खोटं बोलणाऱ्या निवेदकावर दावा कसा मांडायचा

अमळनेरला माझ्याकडे रविवारी सकाळी बी.ए. आणि एम.ए.ची काही मुलं येतात. चोपडा, पारोळा, धरणगाव, शिरपूर अशा चारी बाजूंची. कथेवर निबंध लिहायला सांगितला की दहांतल्या सात वह्यांत पहिलं वाक्य एकच असतं: ‘या कथेतला निवेदक अविश्वसनीय आहे.’ पुढे चार पानं त्याचे पुरावे. निवेदक इथे खोटं बोलला, तिथेही बोलला, म्हणून तो अविश्वसनीय आहे. वाचून झाल्यावर मी विचारते, ‘बरं, यावर तुझ्याशी भांडणार कोण?’ मुलं गप्प बसतात, कारण भांडणारं कोणीच नसतं. कथा वाचलेल्या प्रत्येकाला ते आधीच माहीत असतं.

निबंध ज्या वाक्यावर उभा राहतो त्याला कॉलेजात थीसिस स्टेटमेंट म्हणतात. मी त्याला दाव्याचं वाक्य म्हणते. आमच्याकडे बांधाच्या वादावरून तालुक्याच्या कोर्टात दावा गेलेला नाही असं घर शोधावं लागेल, त्यामुळे मुलांना हा शब्द लगेच कळतो. दावा म्हटला की समोर प्रतिवादी आला. त्याचंही काही म्हणणं असणार, त्याच्याकडेही कागद असणार. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ असा दावा कोणी लावत नाही.

हे वाक्य कसं घडतं ते एकाच कथेवर दाखवते. कथा मीच वर्गासाठी लिहिली आहे, अडीच पानांची. तिचं नाव ‘बांधावरची विहीर’. छापील कथेवर मुलांना गाइडमधली उत्तरं सापडतात, म्हणून हा उपद्व्याप करावा लागला.

कथा अशी. तापीकाठचं गाव. बासष्ट वर्षांचा शिवदास ओट्यावर बसून पुतण्याशी बोलतोय. पुतण्याचे वडील, म्हणजे शिवदासचा धाकटा भाऊ भिका, तरुणपणी गाव सोडून सुरतेला मिलमध्ये गेला आणि तिथेच वारला. दोघांच्या शेताच्या बांधावर एक विहीर होती. ती वाटणीत शिवदासकडे आली. कशी आली, तेच तो पुतण्याला सांगतोय. पुतण्याचं एकही वाक्य कथेत नाही, शिवदासची उत्तरं फक्त ऐकू येतात. 

शिवदास म्हणतो, ‘तुझ्या वडिलांनी आखाजीच्या दिवशी राजीखुशीनं कागदावर अंगठा उठवला. मी तर नको म्हणत होतो.’ थोड्या वेळानं भावाची आठवण निघते तेव्हा म्हणतो, ‘आमना भिका! अख्ख्या गल्लीची पत्रं तोच लिहायचा. अक्षर म्हणजे मोती.’

विहिरीबद्दल तो म्हणतो, ‘त्या साली पाणी होतं कुठं? कोरडी ठाक. कोणी फुकट घेतली नसती.’ आणि पानभरानं, ‘त्या उन्हाळ्यात अख्ख्या शिवारात केळी उभी होती ती आपलीच. आमना भिका असता ना, तर बांधावर बसून नुसता बघत राहिला असता.’

सुरतेहून येणाऱ्या पत्रांबद्दल म्हणतो, ‘मी फोडली नाहीत. ट्रंकेत आहेत, तशीच.’ मग शेवटाकडे, ‘दरवेळी एकच विचारायचा आमना भिका. दादा, विहिरीला पाणी आहे ना?’

मध्ये दोनदा तो सुनेला हाक मारून चहा आणि शेवभाजी सांगतो. शेवटी उशीखालून एक कागद काढून पुतण्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, ‘वाच आधी. मग सही कर. अंगठा नको.’ कथा इथेच संपते. कागदात काय लिहिलंय ते कथा सांगत नाही.

पहिलं काम वहीचं आहे. दाव्याचं वाक्य डोक्यात आलं असेल तरी ते अजून लिहायचं नाही. कथा एकदा सरळ वाचा. दुसऱ्यांदा वाचताना वहीच्या पानावर मध्ये रेघ मारा. डावीकडे ‘म्हणतो’, उजवीकडे ‘दिसतं’. डावीकडे निवेदकाचं विधान त्याच्याच शब्दांत, उजवीकडे कथेत इतरत्र त्याला छेद देणारी गोष्ट, तीही शब्दशः आणि पान-ओळीसकट. स्वतःच्या शब्दांत सारांश लिहू नका. ‘भाऊ शिकलेला होता’ असं लिहिलं की ‘अख्ख्या गल्लीची पत्रं’ आणि ‘मोती’ हे शब्द हातातून जातात, आणि पुढे नेमके तेच शब्द लागणार असतात.

आमच्या कथेत अशा तीन जोड्या मिळाल्या. अंगठा आणि मोत्यासारखं अक्षर. कोरडी विहीर आणि हिरवी केळी. न फोडलेली पत्रं आणि पत्रातलं वाक्य. अडीच पानांच्या कथेला तीन पुरेशा झाल्या. बारा-पंधरा पानांच्या कथेत सात-आठही मिळतील, पण सगळ्या निबंधात घालायच्या नसतात.

यानंतरची पायरी मुलं गाळतात आणि तिथेच निबंध कच्चा राहतो. प्रत्येक जोडीला विचारायचं: याचं साधं, निर्दोष कारण असू शकतं का? वर्गात या प्रश्नावर दीड तास गेला आणि तो सत्कारणी लागला.

धरणगावच्या एका मुलाचे वडील दस्तलेखकाकडे काम करतात. तो म्हणाला, ‘मॅडम, शिकलेल्या माणसाचाही अंगठा घेतात. दस्त नोंदवताना सहीही लागते आणि अंगठाही.’ बरोबर आहे. म्हणजे अंगठा उठवला म्हणून कागद खोटा, असं एकट्या पहिल्या जोडीवरून म्हणता येत नाही. मीच कथा लिहिलेली, पण मला हे सुचलं नव्हतं. मग जोडी सोडून द्यायची का? तेव्हा चोपड्याकडच्या एका मुलीनं शेवटचं वाक्य दाखवलं: ‘सही कर. अंगठा नको.’ सही आणि अंगठा यांना समोरासमोर उभं निवेदकानंच केलंय. जगात अंगठ्याचा अर्थ काहीही असो, शिवदासच्या मनात अंगठा म्हणजे काहीतरी नकोसं आहे. जोडी टिकली, पण तिचा अर्थ बदलला. ती आता ‘कागद बनावट होता’ याचा पुरावा राहिली नाही. ‘त्या अंगठ्याशी शिवदासचं काही बिनसलेलं आहे’ याचा पुरावा झाली. निबंधात एवढंच म्हणायचं, जास्त नाही.

केळीच्या जोडीवरही असंच झालं. कोणी म्हणालं पाटाचं पाणी असेल, कोणी म्हणालं बोअर असेल. कथेत पाट नाही, बोअरही नाही. कथेत नसलेल्या पाण्यावर केळी जगवता येत नाही. उलट ज्यांच्या घरी केळी आहे ती मुलं एका सुरात म्हणाली, वैशाखात पाणी तुटलं की बाग बसलीच. शिवाय ‘अख्ख्या शिवारात आपलीच’ हे शब्द आहेत. म्हणजे बाकीच्यांचं पाणी आटलं होतं आणि याचं नव्हतं. ही जोडी भक्कम.

पत्रांची जोडी सगळ्यांत भक्कम निघाली. न फोडलेल्या पत्रातलं वाक्य कळणार कसं? एकानं ‘पोस्टकार्ड असेल’ म्हणून पाहिलं. पोस्टकार्ड फोडावं लागत नाही, मग ‘फोडली नाहीत’ हा शब्दच निरर्थक होतो. हसण्यावारी गेलं ते, पण पद्धत हीच: शंका काढायची आणि कथेच्याच शब्दानं ती तपासायची.

आता थोडं शास्त्राचं. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं १९६१ साली रूढ केली. त्याच्या मांडणीत अविश्वसनीय म्हणजे खोटारडा असं नाही. कथा एकंदरीत ज्या मूल्यांच्या बाजूनं उभी आहे, त्यांच्याशी निवेदकाचं बोलणं-वागणं जुळत नसेल तर तो अविश्वसनीय. लहान मूल निवेदक असेल तर ते खोटं बोलत नाही, त्याला कळत नाही एवढंच. पुढे जेम्स फेलन यानं हे आणखी सुटं करून मांडलं: निवेदक घटनेबद्दल चुकतो, समजण्यात चुकतो, की चांगलं-वाईट ठरवण्यात चुकतो? तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंधात या नावांचा पाऊस पाडायची गरज नाही. मात्र आपला निवेदक यांतल्या कशात चुकतोय हे स्वतःला स्पष्ट हवं. शिवदासच्या तिन्ही जोड्या घटनेबद्दलच्या आहेत. पाणी होतं की नव्हतं, पत्रं वाचली की नाही. समज कमी असल्याची खूण कुठे नाही. त्याला सगळं कळतं. म्हणजे आपला प्रश्न ‘याला कळतं का’ हा नाही. ‘कळत असून असं का सांगतो’ हा आहे.

आणि इथून दावा सुरू होतो. ‘खोटं आहे का’ या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. ‘खोटं नेमकं कुठे उघडं पडतं’ हा प्रश्न विचारला की कथा हलायला लागते. उजवीकडचा रकाना पुन्हा वाचा. मोत्यासारखं अक्षर, बांधावर बसून बघत राहिला असता, दादा विहिरीला पाणी आहे ना. तिन्ही वाक्यं भिकाबद्दलची आहेत. तिन्हींत ‘आमना भिका’ आहे. आणि डावीकडच्या रकान्यात? तिथे ‘तुझे वडील’ आहेत, नाहीतर भिकाचं नावच नाही.

‘आमना’ म्हणजे अहिराणीत ‘आमचा’. अहिराणी घरातल्या मुलांना हे ऐकू आलं, पण त्यांनी ते बोलीभाषेचा रंग म्हणून सोडून दिलं होतं. शिवदास बाजू मांडतो तेव्हा पुस्तकी मराठी बोलतो, जशी माणसं तहसीलमध्ये बोलतात. भाऊ आठवला की घरची बोली येते. आणि बोली आली की खोटं फुटतं. तीनदा, त्याच जागी. एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल, दोनदा झालं तर संशय घेता येईल. तीनदा झालं की त्यावर दावा उभा करता येतो.

कच्च्या वाक्यांकडे वळू. वर्गात आलेली काही सांगते, कारण तुमच्याही वहीत यांतलं एखादं असेलच.

‘लेखिकेनं अविश्वसनीय निवेदकाचा प्रभावी वापर केला आहे.’ हे प्रशस्तिपत्रक आहे. ‘प्रभावी’ काढून ‘सुंदर’ घाला, काही बिघडत नाही. ज्या वाक्यात असा शब्द बदलून चालतो त्यात दावा नसतो. ‘ही कथा सांगते की जमिनीच्या लोभानं नाती तुटतात.’ हे तात्पर्य झालं, शाळेच्या फळ्यावरचं. त्यात निवेदक कुठेच नाही. हीच कथा तिऱ्हाईतानं सांगितली असती तरी वाक्य तसंच राहिलं असतं, मग निवेदकावर निबंध कशाला? ‘शिवदास खरा की खोटा हे प्रत्येक वाचकानं ठरवावं.’ हा पळ काढणं आहे, आणि हुशार मुलंच तो जास्त काढतात.

चौथं वाक्य जरा बरं होतं: ‘शिवदास पुतण्याला फसवण्यासाठी खोटं बोलतो.’ याच्याशी वाद घालता येतो. पण हे वाक्य डावीकडच्या रकान्याचा हिशेब देतं, उजवीकडचा देत नाही. फसवायचंच असेल तर माणूस मोत्यासारखं अक्षर कशाला काढेल? पत्रांचा विषय तर पुतण्यानं काढलेलाही दिसत नाही. ज्या वाक्यानं अर्धी वही शिल्लक राहते ते बदलावं लागतं.

मग त्याच मुलीनं, चोपड्याच्या, लिहिलं: ‘शिवदासचं खोटं भावाच्या आठवणीमुळे उघडं पडतं.’ हे निरीक्षण खरं आहे आणि नवीन आहे, पण अजून दावा नाही, कारण ‘म्हणून काय’ याचं उत्तर त्यात नाही. मी तिला तेवढंच विचारलं, म्हणून काय? ती घरी गेली आणि पुढच्या रविवारी हे घेऊन आली:

‘शिवदास विहिरीच्या वाटणीबद्दल खोटं बोलत असला, तरी ते खोटं प्रत्येक वेळी धाकट्या भावाच्या आठवणीपाशीच उघडं पडतं, त्यामुळे त्याचं निवेदन ही पुतण्याला फसवण्याची चाल नसून, सरळ तोंडानं देता न येणारी कबुली आहे.’

या वाक्याचे तुकडे बघा. ‘बोलत असला तरी’ इथे सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट तिनं पहिल्या दमात देऊन टाकली, त्यावर पानं खर्चायची नाहीत. ‘आठवणीपाशीच’ हा तिचा शोध, कथेत बोट ठेवून दाखवता येईल असा. ‘चाल नसून कबुली’ हा वाद. तीनही गोष्टी एका वाक्यात बसल्या म्हणून ते लांब झालं, आणि होऊ द्यावं. दोन वाक्यं केली तरी चालतात. परीक्षेत साचा हवा असेल तर हाच घ्या: अमुक मान्य असलं तरी, अमुक ठिकाणी अमुक घडतं, त्यामुळे याचा अर्थ तो नसून हा. पण मधल्या भागात काहीच सापडलं नसेल तर साचा रिकामा वाजतो.

आता प्रतिवादीला बोलवायचं. आपल्या दाव्याच्या खाली उलटा दावा पूर्ण वाक्यात लिहायचा, आणि त्याच्यासाठी कथेतून किमान दोन पुरावे शोधायचे. मनापासून शोधायचे, नावाला नाही. मी वर्गाचे दोन भाग केले. समोरच्या बाजूचं वाक्य असं तयार झालं: ‘शिवदासचा भावाबद्दलचा जिव्हाळा हाच त्याचा गळ आहे, बोलीतून बोलून तो पुतण्याला मऊ करतो आणि शेवटी कागदावर सही मागतो.’ त्यांचे पुरावे तगडे होते. कागद उशीखाली आधीपासून तयार होता, म्हणजे बसायच्या आधीच ठरलं होतं. चहा आणि शेवभाजी दोनदा सांगितली जाते. पारोळ्याचा मुलगा म्हणाला, ‘आमच्याकडे जमिनीचं बोलायचं असलं की आधी जेवायलाच बसवतात.’ आणि ‘अंगठा नको, सही कर’ याचा त्यांचा अर्थ असा की या वेळी म्हाताऱ्याला पक्कं काम हवंय. मागच्या वेळचा अंगठा कच्चा राहिला, आता पुतण्याची सही घेऊन विहीर कायमची पदरात पाडायची.

म्हणजे एकाच शेवटच्या वाक्यावर दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. आमच्या बाजूनं ‘अंगठा नको’ म्हणजे जुन्या अंगठ्याची लाज, त्यांच्या बाजूनं जुन्या अंगठ्याची दुरुस्ती. इथे मला हायसं वाटलं. ज्या दाव्याचा प्रतिवादी कथेतूनच पुरावा काढू शकतो, तो वादाचा दावा आहे. प्रतिवादी सापडलाच नाही तर तुमचं वाक्य निरीक्षण आहे. आणि प्रतिवादीला सगळं मिळालं, तुम्हाला काहीच नाही, तर दावा मागे घ्यायचा. त्यात कमीपणा नाही, वही तीच राहते.

आता मध्ये एक खड्डा आहे, तो सांगून पुढे जाते. शिरपूरच्या मुलानं विचारलं, ‘निवेदक खोटा आहे हे आपण म्हणतो. मग ‘अक्षर मोती’ हे तरी खरं कशावरून? तेही त्यानंच सांगितलंय.’ फार मोलाचा प्रश्न. अविश्वसनीय निवेदकावरचे बहुतेक निबंध इथे आपटतात, कारण लिहिणारा जे सोयीचं ते खरं धरतो आणि गैरसोयीचं ते खोटं. त्यासाठी कसोटी लागते आणि ती निबंधात उघड सांगावी लागते. माझी कसोटी गावातल्या पंचाची आहे. माणूस स्वतःच्या फायद्याचं बोलतो तेव्हा शंका घ्या, स्वतःच्या तोट्याचं बोलतो तेव्हा कान द्या. ‘विहीर कोरडी होती’ यात शिवदासचा फायदा आहे. ‘केळी आपलीच उभी होती’ यात तोटा आहे, कारण त्यानं पहिलं विधान पडतं. ‘पत्रं फोडली नाहीत’ म्हटलं की जबाबदारी टळते, ‘एकच विचारायचा’ म्हटलं की ती अंगावर येते. उजवा रकाना सगळा तोट्याचा आहे, म्हणून तो आपण जास्त खरा धरतो. ही कसोटी सगळ्या कथांना चालत नाही. स्वतःला मुद्दाम वाईट दाखवणारा, पापाचा पाढा वाचण्यात धन्यता मानणारा निवेदक असेल तर ती उलटते. तिथे त्याच्या तोट्याचीच विधानं संशयानं बघावी लागतात.

याच कसोटीनं प्रतिवादीलाही उत्तर मिळतं. जिव्हाळा हा गळ असेल तर गळाला लावलेलं आमिष पकडणाऱ्याच्याच हातात रुतणार नाही याची काळजी माणूस घेतो. ‘आमना भिका फार गुणी’ एवढं म्हणून पुतण्या मऊ झाला असता. पत्रातलं वाक्य सांगायची गरज नव्हती. ते सांगितल्यानं पुतण्याला कळतं की काकानं पत्रं वाचली आणि उत्तर दिलं नाही. आमिष म्हणून हे महाग पडतं. कबुली म्हणून मात्र ते समजू शकतं.

पण प्रतिवादीचं उशीखालच्या कागदाचं म्हणणं या उत्तरानं संपत नाही, आणि ते संपल्याचं सोंग निबंधात आणू नये. कागदात काय आहे ते कथेत नाही. तो विहीर परत देण्याचा असेल किंवा कायमची घेण्याचा. बऱ्याच मुलांनी ‘तो नक्कीच परत देण्याचा कागद आहे’ असं ठोकून दिलं होतं, कारण त्यांच्या दाव्याला ते बरं दिसत होतं. कथा जिथे मुद्दाम गप्प बसलीय तिथे आपल्या तर्‍हेनं वाक्य भरायचं नाही. दावा असा बांधायचा की कागद कुठलाही निघाला तरी तो पडू नये. चोपड्याच्या मुलीचा दावा या परीक्षेत टिकतो का? विहीर परत द्यायचा कागद असेल तर टिकतोच. घ्यायचा असेल तर ‘चाल नसून’ हे शब्द अडचणीत येतात. चालही आहे आणि कबुलीही आहे, असं होतं. म्हणजे दुरुस्ती हवी.

दुसरी दुरुस्ती ‘कबुली’ या शब्दाची होती. शिवदास कधीच म्हणत नाही की मी अंगठा स्वतःचा उठवला, किंवा भावाला फसवलं. तो तीन फटी ठेवतो आणि पुढे निघून जातो. कबुली म्हणजे माणूस काहीतरी स्वतःच्या नावावर घेतो. इथे तसं झालेलं नाही. शब्द पुराव्यापेक्षा मोठा झाला होता. अशा वेळी पुरावा ताणायचा नसतो, शब्द लहान करायचा असतो. ‘नेहमीच’, ‘पूर्णपणे’, ‘निःसंशय’ हे शब्द तर दिसताक्षणी काढावेत. ‘कदाचित’ आणि ‘असं वाटतं’ हेही काढावेत, कारण त्यांनी दावा नम्र होत नाही, पातळ होतो. मर्यादा घालायची तर ती नेमक्या शब्दानं घालावी.

एवढं झालं की निबंधाचा आराखडा वेगळा करावा लागत नाही, तो वाक्यातूनच निघतो. पहिल्या परिच्छेदात कथेची दोन-तीन वाक्यांत ओळख आणि शेवटी दावा. दुसऱ्यात तीन फटी, थोडक्यात, कारण त्या मान्य होणार आहेत. तिसरा परिच्छेद मोठा: ‘तुझे वडील’ आणि ‘आमना भिका’ यांतला फरक, तीनही जागा शब्दशः देऊन. चौथ्यात प्रतिवादी, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, आणि त्याला तोट्याच्या कसोटीनं उत्तर. पाचव्यात शेवटचं वाक्य आणि कागद. पाचपैकी एखादा परिच्छेद काढला तरी दावा जसाच्या तसा उभा राहत असेल तर तो परिच्छेद भरतीचा आहे. आमच्या वर्गात असा एक सगळ्यांच्या वहीत होता: खान्देशातल्या जमिनीच्या वाटण्यांबद्दल सर्वसाधारण माहितीचा. लिहायला सोपा, म्हणून आलेला. तो गेला.

एक सवय ठेवा. निबंधाचा कच्चा खर्डा पूर्ण झाला की दाव्याचं वाक्य झाका आणि फक्त शेवटचे दोन परिच्छेद वाचून ‘हा निबंध काय म्हणतोय’ ते एका ओळीत नव्यानं लिहा. मग झाकलेलं उघडा. बहुतेक वेळा दोन्ही वाक्यं वेगळी निघतात, कारण लिहिता लिहिता विचार पुढे सरकलेला असतो आणि वरचं वाक्य जुन्याच जागी उभं असतं. अशा वेळी खालचं वाक्य वर न्यायचं, खालचा विचार वरच्यासाठी मोडायचा नाही.

चोपड्याच्या मुलीनं तसंच केलं. तिनं शेवटी दिलेल्या वहीत दावा असा होता:

‘शिवदास विहिरीच्या वाटणीबद्दल खोटं बोलत असला, तरी ते खोटं प्रत्येक वेळी धाकटा भाऊ घरच्या बोलीत आठवला की उघडं पडतं, त्यामुळे शेवटचा कागद काहीही असो, त्याचं निवेदन निव्वळ फसवणूक राहत नाही, स्वतःच्या नावावर न घेतलेली अर्धी कबुली होतं.’

‘निव्वळ’ आणि ‘अर्धी’ हे दोन शब्द तिनं शेवटच्या रात्री घातले, असं ती म्हणाली. धरणगावचा मुलगा अजूनही म्हणतो की म्हातारा पक्का आहे आणि पोरानं सही करू नये.